अकरा महिन्यांचं भाडं एकदम द्यावं का? उत्तर पहिल्या हप्त्याच्या तारखेत आहे

प्रश्न : नमस्कार. पुण्यात कोथरूडला 2 बीएचके भाड्याने घेतोय. भाडं 28,000 रुपये, दर महिन्याच्या 1 तारखेला आगाऊ, करार 11 महिन्यांचा, डिपॉझिट 84,000. मालक म्हणतात, सगळं भाडं एकदम दिलंत तर 3,08,000 ऐवजी 3,00,000 द्या, पण करार रजिस्टर होईल त्या दिवशी, म्हणजे 20 तारखेला. माझ्याकडे 4 लाखांची एफडी आहे, 6 टक्क्यांची. पगार वर्षाला 9 लाख, नवी करप्रणाली. एक्सेलमध्ये 6 टक्क्यांनी 11 हप्त्यांचं आजचं मूल्य काढलं तर 2,98,957 आलं. म्हणजे मालक हजारभर रुपये जास्तच मागतायत. नाही म्हणू ना?

उत्तर : नमस्कार. या रूपात नाहीच म्हणा, पण तुमच्या एक्सेलने दिलेल्या कारणासाठी नको. तुमचा आकडा चुकलाय. बरोबर आकडा काढला तर मालकांचा प्रस्ताव अगदी थोडा का होईना, तुमच्या फायद्याचा निघतो. तरीही तो घेऊ नये असं मला वाटतं. त्यातली थोडीशी कलमं बदलून मिळाली तर मात्र जरूर घ्यावा.

आधी आकडा. आजचं मूल्य म्हणजे पुढे द्यायची रक्कम उभी राहावी म्हणून आज 6 टक्क्यांनी जेवढे पैसे ठेवावे लागतील तेवढे. एक्सेलचं `PV` हे फंक्शन, काही वेगळं सांगितलं नाही तर, प्रत्येक हप्ता महिना संपल्यावर जातो असं धरतं. याला ऑर्डिनरी अ‍ॅन्युइटी म्हणतात. गृहकर्जाचा ईएमआय असाच असतो: कर्ज आज मिळतं, पहिला हप्ता महिन्याभराने. आपल्यातल्या बहुतेकांनी हे फंक्शन कर्जाच्याच हिशेबासाठी पहिल्यांदा वापरलेलं असतं, त्यामुळे भाड्यालाही तेच सूत्र लावलं जातं. भाडं मात्र महिना सुरू होतानाच द्यायचं असतं. समान अंतराने, समान रकमेचे, पण प्रत्येक काळाच्या सुरुवातीला जाणारे हप्ते म्हणजे अ‍ॅन्युइटी ड्यू. विम्याचा हप्ताही याच जातीचा.

एवढ्याने फरक कसा पडतो ते तुमच्याच हप्त्यांवर पाहू. वर्षाला 6 टक्के म्हणजे महिन्याला अर्धा टक्का धरू. (बँक तिमाही चक्रवाढ देते, त्यामुळे खरा मासिक दर किंचित कमी येतो, पण इथे त्याने निर्णय बदलत नाही.) पहिलं भाडं राहायला जाल त्याच दिवशी द्यायचंय, त्यामुळे त्याचं आजचं मूल्य पूर्ण 28,000. दुसरं महिन्याने जाणार, म्हणून 28,000 भागिले 1.005, म्हणजे 27,861. असं उतरत उतरत अकरावं भाडं दहा महिन्यांनी जातं आणि त्याचं आजचं मूल्य 26,638 होतं. सगळ्यांची बेरीज 3,00,452.

तुमच्या हिशेबात यादी 27,861 पासून सुरू झाली आणि 26,505 वर संपली, कारण तिथे अकरावा हप्ता अकरा महिन्यांनी जातो असं धरलंय. दोन्ही याद्या शेजारी मांडल्या तर मधल्या दहा ओळी जशाच्या तशा सारख्या दिसतील. तुमच्या यादीतून 28,000 ची पहिली ओळ गळाली आणि तळाशी 26,505 ची एक ओळ जास्तीची आली. फरक 1,495 रुपये. कोणत्याही रकमेला, कितीही महिन्यांना हा फरक ऑर्डिनरीच्या उत्तरावर एका महिन्याच्या व्याजाइतकाच असतो: 2,98,957 चा अर्धा टक्का 1,495. म्हणून ऑर्डिनरीचं उत्तर 1.005 ने गुणलं की ड्यूचं उत्तर मिळतं, वेगळं सूत्र पाठ करायची गरज नाही.

मालक 3,00,000 मागतायत आणि महिन्याच्या महिन्याला द्यायच्या भाड्याचं आजचं मूल्य 3,00,452. म्हणजे एकदम देण्यात 452 रुपयांचा फायदा. तुमच्या हिशेबात 1,043 चा तोटा दिसत होता. निर्णयाची दिशाच उलटली.

एक्सेलमध्ये हे असं लिहायचं:

```
=PV(0.5%,11,-28000)
=PV(0.5%,11,-28000,0,1)
=RATE(11,-28000,300000,0,1)*12
```

पहिली ओळ तुमची. दुसरीत शेवटचा 1 म्हणजे ‘हप्ता सुरुवातीला’. त्याच्या आधीचा 0 गाळला तर 1 चुकीच्या जागी जातो, एक्सेल त्याला शेवटी उरणारा एक रुपया समजतं आणि तक्रार न करता जवळपास जुनंच उत्तर देतं. ही चूक ओळखायची सोपी खूण म्हणजे दोन्ही उत्तरांचा भागाकार. तो बरोबर 1.005 आला पाहिजे. 1.0000 च्या आसपास आला तर 1 योग्य खान्यात पोचलेला नाही.

तिसरी ओळ मला जास्त उपयोगाची वाटते, कारण ती रुपयांऐवजी दर सांगते, आणि तो थेट एफडीच्या दरासमोर ठेवता येतो. उत्तर 6.37 टक्के येतं. एक्सेल ते टक्क्यात, दशांश न दाखवता मांडतं, त्यामुळे पडद्यावर नुसतं 6% दिसेल आणि ‘एफडीइतकंच की’ असं वाटेल. दशांश वाढवून बघा. हीच ओळ शेवटच्या 1 ऐवजी 0 घालून चालवली तर 5.30 टक्के येतात. एकाच प्रस्तावाचे दोन दर, मधे एक टक्क्याहून जास्त अंतर, आणि तुमची 6 टक्क्यांची एफडी नेमकी त्या अंतरात बसलीय.

हा दर वर का जातो हे समजून घेतलंत तर सूत्राशिवायही अंदाज बांधता येईल. तुम्ही आगाऊ अकरा महिन्यांचं भाडं देत नाही आहात. पहिल्या महिन्याचे 28,000 तसेही त्या दिवशी जाणारच होते. खरी आगाऊ रक्कम 2,72,000, आणि तिच्या बदल्यात पुढच्या दहा महिन्यांत 28,000 चे दहा हप्ते वाचतात, म्हणजे 2,80,000. वाचणारे आठ हजार तीन लाखांवर मिळालेले नाहीत, 2,72,000 वर मिळालेत. तीही रक्कम वर्षभर अडकत नाही, दर महिन्याला 28,000 ने मोकळी होत जाते. म्हणून ‘तीन लाखांवर आठ हजार म्हणजे अडीच-पावणेतीन टक्के’ हा तोंडी हिशेब तर दोन्ही बाजूंनी चुकतो.

करामुळे तुमचा 6 टक्के हा दर बदलत नाही. 9 लाखांच्या पगारावर नव्या प्रणालीत सवलतीमुळे कर शून्य होतो, त्यामुळे एफडीचं व्याज पूर्ण हातात येतं. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला मात्र उपकर धरून त्याच एफडीतून 4.1 टक्क्यांच्या आसपासच उरतात, आणि भाड्यात मिळालेली सूट हे काही करपात्र उत्पन्न नव्हे. त्याच्यासाठी याच अकरा हप्त्यांचं आजचं मूल्य 3,02,700 च्या पुढे जातं. तोच प्रस्ताव त्याला पावणेतीन हजारांनी फायद्याचा, तुम्हाला साडेचारशेने. मित्राने घेतला म्हणून आपणही घ्यावा अशी ही गोष्ट नाही.

आता या 452 रुपयांचं काय होतं ते पाहा. वरचा सगळा हिशेब एकरकमी तीन लाख आणि पहिलं भाडं एकाच दिवशी जातात असं धरून केलाय. तुमचे मालक मात्र पैसे 20 तारखेला मागतायत आणि राहायला तुम्ही 1 तारखेला जाणार. तीन लाखांवर 6 टक्क्यांनी दिवसाला साधारण 49 रुपये व्याज होतं. अकरा दिवस आधी पैसे दिलेत तर 540 रुपये गेले, महिना 31 चा असेल तर 590. फायदा तिथेच संपला आणि वर नव्वद ते एकशे चाळीस रुपयांचा तोटा. नऊ दिवसांच्या पुढे कितीही आधी पैसे दिले तरी हा व्यवहार तोट्यातच जातो. हप्ता महिन्याच्या सुरुवातीला की शेवटी, या प्रश्नाचीच ही बारीक आवृत्ती आहे: एक महिना सरकला तर 1,495 चा फरक, अकरा दिवस सरकले तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त.

म्हणून कराराच्या मसुद्यातलं भाड्याचं कलम शब्दन् शब्द वाचा. ‘दर महिन्याच्या 1 तारखेला आगाऊ’ असं तुम्ही लिहिलंय. पुष्कळ लिव्ह अँड लायसन्स करारांत ‘5 तारखेपर्यंत आगाऊ’ असतं. तसं निघालं तर दर हप्ता चार दिवस मागे सरकतो, महिन्याच्या महिन्याला देण्याचा पर्याय तुमच्यासाठी तेवढा स्वस्त होतो, आणि 452 चे अडीचशेच उरतात. क्वचित ‘महिना संपल्यानंतर’ असंही लिहिलेलं असतं. तसं असेल तर तुमचं 2,98,957 हेच उत्तर बरोबर आणि मालकांची मागणी खरोखर जास्त. एजंट तोंडी काय सांगतो याला इथे किंमत नाही. नोंदणी झालेल्या करारात जी तारीख असेल ती धरायची.

समजा मालक 1 तारखेला पैसे घ्यायला तयार झाले. तरीही साडेचारशे रुपयांसाठी तुम्ही काय पत्करताय? मला खटकतं ते मुदतीआधी घर सोडण्याचं कलम. नोकरी बदलली आणि सात महिने पुरे करून तुम्ही निघालात असं धरा. चार महिन्यांचं भाडं परत यायला हवं, पण किती? 3,00,000 चे अकरा भाग केले तर महिन्याला 27,273 पडतात, परतावा 1,09,091. मालक म्हणतील, सूट पूर्ण मुदतीसाठी होती, सात महिन्यांचे 28,000 प्रमाणे 1,96,000 झाले, हे घ्या 1,04,000. फरक 5,091 रुपयांचा. दुसऱ्या हिशेबात तुम्हाला एक रुपयाची सूट मिळाली नाही आणि सात महिने अडकलेल्या पैशावरचं साडेसहा हजारांच्या घरातलं व्याज गेलं ते वेगळंच. त्यातून करारात काहीच लिहिलेलं नसेल तर परतावा कधी मिळणार, हा तिसरा वाद. महिन्याच्या महिन्याला भाडं देणाऱ्यावर यातली एकही वेळ येत नाही. तो नोटीस देतो, शेवटचं भाडं देतो आणि डिपॉझिट मागतो.

दुसरी गोष्ट तुमच्या एफडीची. 3,00,000 आणि 84,000 दिले की चार लाखांतले 16,000 उरतात. अडीअडचणीसाठी ठेवलेला पैसा हाच असेल तर पहिले तीन-चार महिने तुम्ही जवळजवळ मोकळ्या हाताने काढणार. दर महिन्याला वाचणारे 28,000 बाजूला टाकलेत तर तो भरून निघतो, पण ते टाकायला हवेत. खात्यात भाड्याचे पैसे शिल्लक दिसले की ते कशात ना कशात जातात, आणि मग वर सांगितलेला 6.37 टक्के दर कागदावरच राहतो. एफडी मोडताना बँक दंड लावते की नाही तेही विचारून घ्या. समजा चार महिने झालेली एफडी मोडली आणि बँकेने व्याजातून एक टक्का कापला, तर 2,72,000 वर 907 रुपये जातील. म्हणजे फायद्याच्या दुप्पट.

तिसरी गोष्ट डिपॉझिटची. मला वाटतं, सौदा करायला तुम्हाला खरी जागा इथेच आहे. तीन महिन्यांचं डिपॉझिट मालक दोन कारणांनी घेतात: भाडं थकलं तर, आणि घराचं नुकसान झालं किंवा वीजबिल राहिलं तर. तुम्ही सगळं भाडं आधीच दिलंत की पहिलं कारण उरतच नाही. तरी तुमच्याकडून 84,000 पूर्ण मागितले जातायत. ते 28,000 वर आणायला सांगा. 56,000 रुपये अकरा महिने तुमच्या एफडीत राहिले तर 3,080 रुपये व्याज होतं. भाड्याच्या सगळ्या सुटीतून मिळणाऱ्या निव्वळ फायद्याच्या जवळपास सातपट, आणि मालकांच्या खिशातून रोख एक पैसा जात नाही, म्हणून हे मान्य व्हायची शक्यताही जास्त. शिवाय त्यांच्याकडे अडकलेली तुमची रक्कम 3,84,000 वरून 3,28,000 वर येते. (डिपॉझिट बिनव्याजी असलं तरी फुकट नसतं हे महाराष्ट्राच्या मुद्रांक शुल्काच्या नियमालाही मान्य आहे. लिव्ह अँड लायसन्सवर शुल्क काढताना परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून ते भाड्यात मिळवतात आणि एकूण रकमेवर 0.25 टक्के आकारतात.)

मालक डिपॉझिट कमी करायला तयार नसतील तर रक्कम खाली आणायला सांगा. किती खाली, याचं उत्तर त्याच तिसऱ्या ओळीत 300000 च्या जागी वेगवेगळे आकडे घालून मिळतं. 2,96,800 ला तुमचा दर 9 टक्के होतो, 2,94,000 ला 11.3 टक्के. दुसरा आकडा बोलायला सोपा आहे, कारण तो म्हणजे नेमकं अर्ध्या महिन्याचं भाडं माफ: ‘अकराचं साडेदहा करा’. मुदतीआधी निघावं लागण्याचा धोका आणि रिकामी झालेली एफडी, या दोन्हींच्या मोबदल्यात एफडीपेक्षा निदान तीन-चार टक्के जास्त मिळावेत असं मला वाटतं. त्यामुळे 9 टक्क्यांच्या खाली मी हा व्यवहार सुचवणार नाही. मालक 2,98,000 वर अडले तर धन्यवाद म्हणा आणि महिन्याच्या महिन्याला द्या.

सौदा जमलाच तर करारात चार वाक्यं हवीत आणि ती नोंदणीच्या आधी मसुद्यात यायला हवीत, नंतर वेगळ्या कागदावर नकोत. एकरकमी भाड्याची रक्कम, ती मिळाल्याची तारीख आणि ती कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंतची आहे. मुदतीआधी घर सोडल्यास उरलेल्या पूर्ण महिन्यांचं भाडं एकरकमी रकमेच्या अकराव्या भागाने परत मिळेल. तो परतावा आणि डिपॉझिट किल्ली देताना, त्याच दिवशी मिळेल. आणि फ्लॅटवर कर्ज असल्यास हप्ते थकलेले नाहीत याची मालकांची लेखी हमी. बँकेने फ्लॅट ताब्यात घेतला तर आधी दिलेलं भाडं कोणाकडून वसूल करायचं, हा प्रश्न तुमच्या गळ्यात पडतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. ‘नोटरी करून घेऊ, खर्च वाचेल’ असं कोणी म्हणालं तर अकरा महिन्यांचे पैसे त्या कागदाच्या भरवशावर देऊ नका.

पैसे बँकेतून, मालकाच्या नावच्या खात्यावर. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो, पण रोखीने दिलेल्या पैशाचा पुरावा तुमच्याकडे उरत नाही, म्हणून काळजी तुम्हालाच जास्त हवी. ट्रान्सफर 1 तारखेला, किल्ली हातात घेताना करा. 20 तारखेला नोंदणीच्या वेळी काहीतरी द्यावंच लागणार असेल तर टोकन म्हणून पहिल्या महिन्याचे 28,000 द्या, त्यावर अकरा दिवसांचं व्याज साधारण पन्नास रुपये होतं. उरलेली रक्कम राहायला जाल त्या दिवशी.